निधी कापला, पण पत्रात काय लिहिलं?

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, पण बीबीतल्या शाळेचं छत गळत असेल तर तो थेट डोक्यावर टपकतो. बुलडाण्याला जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी असतात. शिक्षण, आरोग्य, बांधकाम असे सगळे विभाग त्यांच्याकडे मागण्या पाठवतात. पैसे कमी पडले की मागण्या कापल्या जातात. मग विभागप्रमुखांना पत्र जातं, आणि त्यात बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘निधीअभावी मागणी मान्य करता येत नाही.’

माझ्या मते हे पत्र न लिहिलेलंच बरं. कारण विभागप्रमुख त्यातून एवढंच शिकतो, की पुढच्या वर्षी दीडपट मागायचं.

आता एक हिशोब करून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेत, बरं का. समजा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न 10 कोटी आहे. त्यातले 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखावेच लागतात. म्हंजे साडेतीन कोटी आधीच बाजूला. उरले साडेसहा. त्यातून गेल्या वर्षी सुरू झालेल्या कामांची 4 कोटींची बिलं द्यायचीत. नव्या कामांना राहिले अडीच कोटी, आणि मागण्या आल्यात 5 कोटींच्या.

सगळ्यांना सरसकट निम्मं कापणं सोपं असतं. पण मग ज्यानं खरा आकडा मागितला तो मरतो आणि ज्यानं फुगवून मागितला तो वाचतो. म्हणून कात्री कुठल्या निकषानं लावली, हेच पत्राचं काळीज. शिक्षण विभागाला मी असं लिहीन:

‘आपण 16 शाळांच्या दुरुस्तीसाठी 80 लाख रुपये मागितले होते. 35 लाख रुपयांची तरतूद प्रस्तावित केली आहे. राखीव निधी व जुन्या कामांची देणी वजा जाता नव्या कामांसाठी एकूण अडीच कोटी रुपये उरतात. त्यामुळे अभियंत्याने धोकादायक ठरवलेल्या खोल्यांच्या 7 शाळा आधी घेतल्या आहेत. उरलेल्या 9 शाळांची यादी निकडीच्या क्रमाने, अद्ययावत अंदाजपत्रकांसह पाठवावी. सुधारित अंदाजपत्रकाच्या वेळी ती विचारात घेतली जाईल.’

बघा, कापलेला आकडा पहिल्या दोन वाक्यांतच आलाय. तो शेवटी लपवला की वाचणारा आधीचं सगळं बहाणा समजतो. आणि ‘नक्की देऊ’ असं कुठंच नाही, कारण मंजुरी सर्वसाधारण सभेची असते, प्रशासक असेल तर त्याची. वित्त अधिकाऱ्यानं असा शब्द दिला तर पाळायचा कुणी?

सोबत 16 शाळांचा तक्ता जोडायचा, प्रत्येकीपुढे घेतली की नाही आणि का. मग बीबीची शाळा त्या नऊंत असली, तर मुख्याध्यापकांना विभागाकडे नेमकं विचारता येतं: आमच्या खोल्या अभियंत्यानं तपासल्या का, आणि कधी?