बुद्ध्यांक चाचणी लगेच पुन्हा दिली तर गुण का वाढतात?

समजा, मारुंजीतल्या एका मुलाचा बुद्ध्यांक ८८ आला आणि महिनाभराने त्याच चाचणीत ९५ आला. म्हणजे बुद्धी वाढली का? तसं नाही. रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवण्याची युक्ती एकदा सापडली की दुसऱ्यांदा वेळ वाचतो. म्हणून घड्याळ लावून करायच्या कृतींचे गुण जास्त वाढतात, शब्दार्थांचे कमी. हा सरावाचा परिणाम. फुगलेल्या आकड्यामागे खरी अडचण झाकली जाऊ शकते. त्यामुळे तीच चाचणी सहसा एक-दोन वर्षांनीच घेतात. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत तर फेरतपासणी थेट १४व्या आणि १८व्या वर्षी सांगितली होती. घाई असेल तर वेगळी चाचणी निवडता येते. मात्र आधीचा अहवाल मानसशास्त्रज्ञांना दाखवायलाच हवा.