पानं किती झाली?

लग्नाचं जेवण उत्तम झालं, मंडळी तृप्त होऊन गेली आणि संध्याकाळी केटररने बिल पुढे केलं की वधूपित्याचा पहिला प्रश्न असतो, "इतकी पानं कशी झाली?" दर आधीच ठरलेला असतो, म्हणून दरावरून भांडण क्वचितच होतं. ते होतं पानांच्या संख्येवरून, कारण ती कशी मोजायची हे कोणी ठरवलेलंच नसतं.

पुण्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयातलं लग्न धरू. हिशोबासाठी आकडे असे घेऊ: दुपारच्या जेवणाचा दर पानाला ३८० रुपये, खात्रीची पानं ४००, सकाळच्या नाश्त्याची १५० पानं ८० रुपयांनी, विसार ६०,००० रुपये. खात्रीची पानं म्हणजे माणसं कमी आली तरी ज्यांचे पैसे द्यायचेच ती. हा आकडा साधारणपणे लग्नाच्या तीन-चार दिवस आधी पक्का होतो. त्यानंतर केटरर किराणा भरतो, श्रीखंड-बासुंदीची ऑर्डर देतो, आचारी आणि वाढपी बांधून घेतो. म्हणून आयत्या वेळी ३४० माणसं आली तरी तो ४०० पानांचेच पैसे मागतो, आणि त्यात वावगं काही नाही. मात्र पैसे दिलेल्या पानांचं उरलेलं अन्न आपल्याला मिळेल, हे आधी बोलून कागदावर घ्यावं.

माणसं वाढली तर? बहुतेक केटरर खात्रीपेक्षा थोडा जास्त स्वयंपाक करून ठेवतात. आपल्या उदाहरणात दहा टक्क्यांपर्यंतची, म्हणजे ४० पानं त्याच दराने, असं ठरलेलं आहे. त्यापुढचा दर काय, हेही त्याच कागदावर हवं.

आता मोजणी. बुफेला सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे ताटं मोजणं. जेवण सुरू होण्याआधी आपल्याकडचा एक जबाबदार माणूस आणि केटररचा मुकादम मिळून कोरी ताटं मोजतात. जेवणं आटोपल्यावर उरलेली कोरी ताटं मोजून वजा करतात. सुरुवातीला ५००, शेवटी ६२, म्हणजे ४३८ ताटं वापरली गेली. त्यातली ८ केटररच्या माणसांनी जेवायला घेतली. ती धरायची नाहीत असं आधीच ठरलेलं होतं, म्हणून पानं झाली ४३०. दोघांनी तिथेच चिठ्ठीवर सही करावी. मात्र धुतलेली ताटं पुन्हा कोऱ्या ढिगात गेली तर आकडा कमी येतो आणि केटररचं नुकसान होतं. उलट, मोरीजवळची खरकटी ताटं मोजली, तर धुऊन पुन्हा वापरलेलं ताट दोनदा धरलं जातं. दुसऱ्यांदा नवं ताट घेणारा पाहुणाही दोन पानं ठरतो. फोटोग्राफर, बँडवाले आणि गाड्यांचे ड्रायव्हर जेवतातच. त्यांची पानं कुणाच्या खात्यात, हे आधी ठरवावं.

आता बिल मांडू. ४३० पानांचे १,६३,४०० रुपये. नाश्त्याला १२० जणच आले, तरी खात्री १५० ची होती, म्हणून १२,०००. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी पंगत मांडली, त्यासाठी ८ जादा वाढपी प्रत्येकी ६०० प्रमाणे, ४,८००. वाहतूक ४,०००. एकूण १,८४,२००. त्यावर ५ टक्के जीएसटी ९,२१०, म्हणजे १,९३,४१०. यातून विसाराचे ६०,००० वजा करून देणं उरतं १,३३,४१०.

विसार शेवटी वजा करायचा, कर लावण्याआधी नाही. आधी वजा केला तर कर फक्त १,२४,२०० वर बसतो आणि बिल ३,००० रुपयांनी कमी दिसतं. ते ३,००० म्हणजे विसारावरचा कर. विसाराच्या पावतीवर कर वेगळा लावून तो आपण भरलेला असेल, तरच तो पुन्हा घेता कामा नये. म्हणून पावती जपून ठेवावी. बिलावर केटररचा पंधरा अंकी जीएसटी क्रमांक नसेल, तर त्याला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही.

उरला जादा सेवेचा आकार. पंगतीचे वाढपी, पाण्याच्या बाटल्या, वाहतूक, रात्री उशिरापर्यंत थांबणं, बाहेरचा केटरर आणल्याबद्दल कार्यालय घेतं ती रॉयल्टी, या गोष्टी पानाच्या दरात आहेत की बाहेर, हे दर ठरवतानाच विचारावं. बिलात नुसतं "सर्व्हिस चार्ज" लिहून ठोक रक्कम लावली असेल, तर ती कशाची हे विचारावं आणि ठरलेल्या कागदावर नसेल तर नाकारावी. वाढप्यांना खुशीने द्यायचं ते त्यांच्या हातात द्यावं, बिलात मिसळू नये.

थोडक्यात, विसार देतानाच एका कागदावर दर, खात्रीची पानं, आकडा बदलण्याची शेवटची तारीख, वाढीव पानांचा दर आणि दराबाहेरच्या गोष्टी लिहून घ्याव्यात. आणि लग्नाच्या दिवशी ताटं मोजायला असा माणूस नेमावा, ज्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नाही.