खोक्यात डबे किती मावतात?
घनफळाचा भागाकार आणि प्रत्यक्ष मांडणी

काजूगर, साबण, मसाले यांसारखा माल लहान डब्यांत भरून, ते डबे मोठ्या खोक्यातून परगावी पाठविणाऱ्या लघुउद्योजकांना आणि स्वयंसाहाय्य गटांना एक हिशेब नेहमी करावा लागतो. एका खोक्यात डबे किती मावतील? खोकी किती मागवावीत, वाहतुकीचा खर्च डब्यामागे किती धरावा, हे सारे या एका संख्येवर अवलंबून असते. शाळेत शिकलेल्या गणितानुसार बहुतेकजण खोक्याच्या घनफळास डब्याच्या घनफळाने भागतात. परंतु या भागाकाराने मिळते ती केवळ कमाल मर्यादा. तीहून अधिक डबे मावणार नाहीत, एवढेच ती सांगते. तितके मावतीलच असे सांगत नाही. डबा हा काही पाण्यासारखा खोक्याचा आकार घेत नाही, हे त्याचे साधे कारण होय.

ही गोष्ट एका उदाहरणाने नीट पाहू. समजा, काजूगरांचा पुठ्ठ्याचा डबा २० सें.मी. लांब, १२ सें.मी. रुंद व ८ सें.मी. उंच आहे. खोक्याची आतील मापे २८.५ × २८.५ × २४.५ सें.मी. असून, डबे हाताने सुखाने आत जावेत म्हणून प्रत्येक बाजूस अर्धा सेंटिमीटर सोडला आहे. म्हणजे हिशेबासाठी खोके २८ × २८ × २४ सें.मी. धरावयाचे. त्याचे घनफळ १८,८१६ घन सें.मी. व डब्याचे १,९२० घन सें.मी. भागाकार ९.८ येतो. अर्धवट डबा भरता येत नसल्यामुळे कमाल मर्यादा ९ डब्यांची झाली.

सरळ मांडणी

आता सर्व डबे एकाच दिशेने ठेवून पाहू. इष्टिकाचितीच्या आकाराचा डबा खोक्याच्या भिंतींना समांतर ठेवावयाचा तर तो सहा प्रकारे ठेवता येतो. आपल्या खोक्याचा तळ चौरस असल्यामुळे त्यांपैकी तीनच प्रकार वेगळे उरतात. प्रत्येक प्रकारात तिन्ही दिशांना स्वतंत्र भागाकार करावा, बाकी टाकून द्यावी आणि मग तिन्ही पूर्णांकांचा गुणाकार करावा.

डबा आडवा, म्हणजे ८ सें.मी. उंचीवर ठेवला, तर लांबीत २० चा एक, रुंदीत १२ चे दोन आणि उंचीत ८ चे तीन बसतात. एकूण ६. डबा कडेवर, म्हणजे १२ सें.मी. उंचीवर ठेवला, तर लांबीत एक, रुंदीत तीन, उंचीत दोन, पुन्हा ६. डबा उभा केला तर लांबीत दोन, रुंदीत तीन, उंचीत एक. याही वेळी ६ च.

येथे अनेकांचा हिशेब थांबतो. तिन्ही प्रकारे सहाच येतात, तेव्हा या खोक्यात सहाच मावतात, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः सहा डब्यांनी ११,५२० घन सें.मी. जागा व्यापली, ७,२९६ घन सें.मी. जागा रिकामी राहिली. ही जागा तीन डब्यांच्या घनफळाहून अधिक आहे. ती वाया जाते ती टाकून दिलेल्या बाक्यांमुळे. तेव्हा पुढचा प्रश्न असा की, ही रिकामी जागा कोठे व कोणत्या आकाराची आहे?

उरलेल्या जागेची तपासणी

आडव्या मांडणीतील सहा डब्यांनी २० × २४ × २४ सें.मी. चा ठोकळा व्यापला. लांबीच्या टोकाशी ८ सें.मी. जाडीची एक पट्टी उरली. ती २८ सें.मी. रुंद व २४ सें.मी. उंच आहे. दुसरी पट्टी रुंदीच्या बाजूस, केवळ ४ सें.मी. जाडीची. उरलेल्या जागेस लावावयाची कसोटी सोपी आहे. तिची सर्वांत लहान बाजू डब्याच्या सर्वांत लहान बाजूहून कमी असेल, तर ती डब्यासाठी निरुपयोगी. म्हणून ४ सें.मी. ची पट्टी सोडून द्यावी. परंतु ८ सें.मी. ची पट्टी डब्याच्या ८ सें.मी. बाजूस नेमकी पुरते. तिच्यात डब्याची २० सें.मी. बाजू रुंदीच्या दिशेने व १२ सें.मी. बाजू उंचीच्या दिशेने ठेवल्यास एकावर एक दोन डबे बसतात. एकूण संख्या ६ वरून ८ झाली. सर्व डबे एकाच दिशेने ठेवण्याचा हट्ट सोडल्याबरोबर हे दोन डबे मिळाले.

भिंगरीची मांडणी

कमाल मर्यादा ९ ची आहे आणि आपण ८ पर्यंत आलो. नववा डबा मिळविण्यासाठी मांडणी मुळापासून बदलावी लागते. डब्याची लांब बाजू २० व आखूड बाजू ८; त्यांची बेरीज २८, म्हणजे बरोबर खोक्याच्या भिंतीइतकी. हे ध्यानात आले की मार्ग सापडतो.

पहिला डबा कडेवर ठेवून समोरच्या भिंतीस लावावा व डाव्या कोपऱ्यात सारावा. त्याच्या उजवीकडे ८ सें.मी. जागा राहते. तेथे दुसरा डबा उजव्या भिंतीस लांबीने लावून ठेवावा. तिसरा मागच्या भिंतीस, चौथा डाव्या भिंतीस, याच क्रमाने लावावा. चार डबे मुलांच्या भिंगरीच्या पात्यांप्रमाणे एकामागोमाग एक वळतात आणि मधोमध १२ × १२ सें.मी. ची चौरस पोकळी राहते. हा थर १२ सें.मी. उंच होतो. त्यावर तसाच दुसरा थर रचला की उंची २४ सें.मी. व डबे आठ झाले. मधली पोकळी आता १२ × १२ × २४ सें.मी. ची विहीर बनली आहे. तिच्यात एक डबा उभा सोडता येतो, कारण त्याचा तळ १२ × ८ व उंची २० सें.मी. आहे. नऊ डबे पूर्ण झाले.

याहून अधिक शोध करण्याचे कारण नाही. उरलेली जागा १,५३६ घन सें.मी. आहे, आणि ती एका डब्याच्या घनफळाहूनही कमी आहे. मांडणीने मिळालेली संख्या घनफळाच्या मर्यादेस भिडली, म्हणजे तीच सर्वोत्तम होय. घनफळाच्या भागाकाराचा खरा उपयोग येथे आहे. कोठे थांबावे, हे तो सांगतो.

७२ डबे पाठवावयाचे असल्यास सहाच्या मांडणीने १२ खोकी लागतात, आठाच्या मांडणीने ९ आणि नवाच्या मांडणीने ८. खोके तेच, डबे तेच. तरी खोक्यांचा एक तृतीयांश खर्च वाचला.

मापे घेताना होणाऱ्या चुका

खोक्याचे माप आतील की बाहेरील, हे आधी विचारून घ्यावे. नालीदार पुठ्ठा तीन पदरी असला तर साधारण ३ मि.मी. जाडीचा असतो. लांबी व रुंदीत दोन भिंतींचे मिळून ६ मि.मी. जातात. उंचीत वर व खाली झडपांचे दोन-दोन पदर येत असल्यामुळे १२ मि.मी. जातात. वरील मापे बाहेरची निघाली, तर आतील बाजू २७.९ सें.मी. व उंची २३.३ सें.मी. राहील. मग २० व ८ ची बेरीज एका मिलिमीटरने अडेल, आणि आठाची व नवाची, दोन्ही मांडण्या मोडतील.

डब्याचे माप तो भरल्यानंतर घ्यावे. रिकामा डबा मोजून केलेला हिशेब पुष्कळदा फसतो, कारण भरलेला डबा फुगतो, आणि बहुधा त्याच्या सर्वांत मोठ्या पृष्ठावर फुगतो. आपला डबा ८ ऐवजी ८.२ सें.मी. जाड झाला असे धरा. आडव्या मांडणीत एकावर एक तीन डबे २४.६ सें.मी. होतील आणि खोक्याची झाकणे मिटणार नाहीत. भिंगरीच्या मांडणीत मात्र प्रत्येक भिंतीशी २० व ८.२ असे २८.२ सें.मी. होतात, ते २८.५ मध्ये बसतात. फुगवटा २.५ मि.मी. च्या पुढे गेला की मधली विहीर १२ सें.मी. हून अरुंद होते आणि हीही मांडणी अडते. डबा आत दाबून घालावा लागतो किंवा खोक्याची भिंत बाहेर आलेली दिसते, ही त्याची खूण.

मधल्या विहिरीतील डब्याच्या एका बाजूस व माथ्यावर ४ सें.मी. पोकळी राहते. ती तशीच ठेवल्यास वाहतुकीत तो डबा हलतो. पुठ्ठ्याची घडी केलेली पट्टी घालून ती भरावी. तसेच 'ही बाजू वर' असा निर्देश असलेल्या मालास, उदाहरणार्थ बाटल्यांना, सहापैकी दोनच प्रकार उपलब्ध असतात. तेथे ही युक्ती चालणार नाही.

मर्यादा गाठता येत नाही तेव्हा

प्रत्येक वेळी घनफळाची मर्यादा गाठता येईलच असे नाही. याचे एक प्रसिद्ध उदाहरण शिक्षकांना वर्गात दाखविता येईल. डच गणितज्ञ निकोलास दे ब्रुइन यांच्या सात वर्षांच्या मुलास असे आढळले की, १ × २ × ४ मापाच्या विटांनी ६ × ६ × ६ ची पेटी पूर्ण भरता येत नाही. भागाकार तर बरोबर २७ येतो. या अनुभवावरून दे ब्रुइन यांनी अशा प्रश्नांचा अभ्यास करून १९६९ साली निबंध प्रसिद्ध केला.

कारण असे आहे. पेटीचे २ × २ × २ मापाचे २७ घन कल्पून त्यांना बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आलटून पालटून काळा व पांढरा रंग द्यावा. कोपरे काळे असल्यास १४ घन काळे व १३ पांढरे होतात. प्रत्येक घनात आठ एकक जागा असते, म्हणून काळ्या जागा ११२ व पांढऱ्या १०४ झाल्या. वीट भिंतींना समांतर कशीही ठेवली तरी तिच्या लांबीतील चार एककांत दोन काळी व दोन पांढरी येतात. म्हणून संपूर्ण वीट चार काळ्या व चार पांढऱ्या जागा घेते. पांढऱ्या जागा २६ विटांतच संपतात. सत्ताविसावी वीट कोणत्याही युक्तीने बसणार नाही.

सव्वीस मात्र बसतात. दोन विटा जोडून २ × २ × ४ ची जोडी करावी. ती शेजारच्या दोन घनांची जागा घेते. एक कोपरा मोकळा सोडून उरलेले २६ घन अशा तेरा जोड्यांनी भरता येतात. हेच सरळ मांडणीने करू गेल्यास ६, ३ व १ यांच्या गुणाकाराने अवघ्या १८ विटा बसतात. पुठ्ठ्याचे ठोकळे करून विद्यार्थ्यांना प्रथम सत्ताविसावी वीट बसविण्याचा प्रयत्न करू द्यावा आणि मग रंगांची मोजणी करावयास सांगावी.