क्लासची जाहिरात, पण वाचता येईल अशी

जून उजाडला की कोचिंग क्लासच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. नव्या बॅचचं हँडबिल छापून होतं आणि त्याचीच प्रत इन्स्टाग्रामवर चढवली जाते. कागदावर नीट दिसणारी ही जाहिरात फोनवर मात्र वाचता येत नाही. ए-फाइव्ह हँडबिलची रुंदी 148 मिलिमीटर असते आणि फोनचा पडदा जेमतेम 67 मिलिमीटरचा. कागदावरचं 10 पॉइंटचं अक्षर तिथं साडेचार पॉइंटचं होतं. बोटांनी चित्र मोठं करावं, तर बोटं उचलताच ते पुन्हा लहान होतं.

उपाय म्हणजे मजकूर अनेक स्लाइडमध्ये वाटून देणं, म्हणजेच कॅरोसेल. त्यातही अक्षराचा आकार आधी ठरवायचा आणि मजकूर किती मावेल ते त्यावरून काढायचं. प्रत्यक्षात बहुतेक जण उलटं करतात. मजकूर आधी लिहितात आणि तो मावेपर्यंत अक्षर बारीक करत जातात.

आकाराचा हिशोब सोपा आहे. उभ्या पोस्टचा कॅनव्हास 1080 बाय 1350 पिक्सेलचा घ्यायचा. तो 67 मिलिमीटरच्या पडद्यावर उमटतो, तेव्हा 48 पिक्सेलचं अक्षर सुमारे 3 मिलिमीटरचं होतं, म्हणजे साधारण वर्तमानपत्रातल्या बातमीच्या अक्षराएवढं. 24 पिक्सेलचं अक्षर दीड मिलिमीटरचं होतं, आणि त्यात वरची वेलांटी व खालचा उकारही आले. मूळ अक्षराच्या वाट्याला मिलिमीटरभरच उरतो. अशा आकारात अनुस्वार आणि रफार आधी गायब होतात. ‘वर्ग’चा ‘वग’ झाला, तर क्लासची शोभाच व्हायची. म्हणून मराठी मजकूर 48 पिक्सेलच्या खाली नेऊ नये आणि मथळा 100 च्या आसपास ठेवावा. काही सॉफ्टवेअरमध्ये आकार पॉइंटमध्ये मोजतात, तिथं आकडा वेगळा दिसतो. 48 पिक्सेल म्हणजे बहुधा 36 पॉइंट.

आता हिशोब पुढे नेऊ. दोन्ही बाजूंना 90 पिक्सेलचा समास सोडला, की ओळीला 900 पिक्सेल उरतात. त्यात पाच-सहा शब्द बसतात. देवनागरीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट, म्हणजे 72 पिक्सेल धरा. अशा पाच-सहा ओळी झाल्या की स्लाइड भरली असं समजावं. एका स्लाइडला तीसेक शब्द, एवढंच बजेट.

समजा, दहावीच्या गणिताच्या क्लासला वर्गसमीकरणांवर कॅरोसेल करायचं आहे. पहिल्या स्लाइडवर फक्त मथळा, 110 पिक्सेलमध्ये: ‘या गणितात एक उत्तर हरवतं’. दुसरीवर गणित: x² = 5x. तिसरीवर मुलं हमखास करतात ती चूक, म्हणजे दोन्ही बाजूंना x ने भागून x = 5 एवढंच उत्तर लिहिणं. चौथीवर बरोबर रीत:

```
x² − 5x = 0
x(x − 5) = 0
x = 0 किंवा x = 5
```

पाचवीवर सरावाचं एक गणित आणि सहावीवर बॅचची वेळ व क्लासचा पत्ता.

इथं घातांकाची अडचण येते. वरचा 2 हा आकडा मूळ अक्षराच्या साधारण 60 टक्के असतो. समीकरण 48 पिक्सेलमध्ये लिहिलं, तर तो 29 पिक्सेलचा होतो आणि x² चा वर्ग दिसतच नाही. समीकरण 90 पिक्सेलमध्ये लिहिलं, की घातांक 54 चा होतो आणि बाकीच्या मजकुराइतकाच ठळक दिसतो. म्हणजे स्लाइडचा आकार इथं शब्दांनी ठरत नाही, त्या छोट्या 2 ने ठरतो.

फॉन्ट निवडताना दोन टोकं टाळावीत. फार सडपातळ फॉन्टच्या रेघा उन्हात विरतात, तर फार जाड फॉन्टमध्ये ‘क्ष’, ‘ष’ यांच्या पोटातली जागा बुजते. मुक्तासारखा साधा फॉन्ट मध्यम जाडीत घेतला की काम भागतं. पांढऱ्यावर पिवळं किंवा फोटोवर थेट अक्षर नको. फोटो हवाच असेल, तर अक्षरांखाली गडद पट्टी द्यावी.

प्रोफाइलच्या जाळीत हीच पोस्ट एक-तृतीयांश रुंदीची दिसते. 110 पिक्सेलचा मथळाही तिथं जेमतेम वाचता येतो, आणि कडाही थोड्या कापल्या जातात. म्हणून पहिल्या स्लाइडवर चार-पाच शब्दच ठेवावेत, तेही मध्यभागी.

फोन नंबर चित्रात टाकला, तर त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. त्यासाठी प्रोफाइलवर कॉलचं बटण द्यावं, म्हणजे शेवटच्या स्लाइडवरची जागाही वाचते.

पोस्ट टाकण्याआधी स्लाइड घरातल्या सगळ्यात लहान फोनवर पाठवून, ब्राइटनेस निम्म्यावर आणून, गणिताशी संबंध नसलेल्या कुणालातरी मोठ्यानं वाचायला सांगावं. वाचताना फोन डोळ्यांजवळ गेला किंवा कुणी ‘एक्स टू’ म्हणालं, तर आकार वाढवून शब्द कमी करावेत.