मुंग्या दर वेळी साखरेच्याच नसतात

एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. वय ५८, शाकाहारी, मधुमेहासाठी दहा वर्षं रोज दोन ग्रॅम मेटफॉर्मिन. तळपायांना मुंग्या, जिना चढताना थकवा, अंधारात चालताना तोल जातो. घरचे म्हणतात, ‘साखरेमुळे नसा गेल्या.’ असेलही, पण साखर आटोक्यात असताना मुंग्या वाढत असतील, तर बी-१२ तपासायलाच हवं.

हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि मेटफॉर्मिन नेमकं तिथेच आडवं येतं. यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, म्हणून कमतरता उशिरा उघडी पडते. यावर मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करणं हा उपाय नव्हे.

अट्रोफिक गॅस्ट्रायटिसची गोष्ट वेगळी. त्यात जठराचं अस्तर झिजतं आणि बी-१२ला आतड्यापर्यंत सोबत करणारं प्रथिन, इंट्रिन्सिक फॅक्टर, कमी पडतं किंवा तयारच होत नाही. मग दूध-अंडी कितीही खा, त्यातलं बी-१२ अंगी लागत नाही.

आपल्याकडे घाई होते ती इथेच. दुकानातून गोळ्या आणून महिनाभर घेतल्यावर रक्त तपासलं, तर आकडा छान दिसतो आणि मूळ चित्र पुसलं जातं. म्हणून आधी रक्त द्यावं. पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता बहुधा नक्की. आपल्या उदाहरणात ती २४० आली, म्हणजे काठावर. हिमोग्लोबिन ठीक होतं, पण नसांचा त्रास ॲनिमियाशिवायही होतो. अशा वेळी मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासतात. बी-१२ पेशींना पुरत नसेल तर ते वाढतं. मूत्रपिंड कमजोर असलं तरीही वाढतं, तेवढं ध्यानात ठेवायचं. बाईंचं ते वाढलेलं होतं आणि मूत्रपिंडं उत्तम होती.

आता इंजेक्शन की गोळी? तोंडावाटे घेतलेल्या बी-१२चा सुमारे एक टक्का इंट्रिन्सिक फॅक्टरविनाही आत झिरपतो. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहाएक मायक्रोग्रॅम मिळतात, आणि रोजची गरज दोन-अडीचच्या आसपास असते. म्हणजे रोज न चुकता घेतली, तर मोठ्या मात्रेची गोळी जठर बिघडलेल्यांनाही चालू शकते. साध्या मल्टिव्हिटॅमिनमधल्या चार-पाच मायक्रोग्रॅमवर मात्र भागत नाही.

तरीही नसांची लक्षणं असतील तर सुरुवात इंजेक्शननेच करतात, कारण तिथे उशीर परवडत नाही. बाईंना दोनेक आठवडे दिवसाआड, मग आठवड्याला आणि नंतर महिन्याला एक, असा क्रम डॉक्टरांनी दिला. नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नये. त्याने रक्त सुधारतं आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते.

मेटफॉर्मिन घेणाऱ्याला पुढे रोजच्या गोळीवर येता येतं. जठर झिजलेल्याला मात्र गोळी असो वा सुई, बहुधा जन्मभर घ्यावी लागते. थकवा काही आठवड्यांत उतरतो, मुंग्यांना महिने लागतात. फार जुनी बधिरता पूर्ण जाईलच असं नाही.