भाजीच्या ट्रेखाली साचणारं पाणी

फ्रिजमधला भाजीचा ट्रे बाहेर काढला की खाली पाणी साचलेलं दिसतं. पुसून घेतलं तरी दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच. गॅस गेला असेल या शंकेने मेकॅनिकला फोन करण्याआधी फ्रिजच्या मागच्या भिंतीकडे नीट पाहा. बऱ्याच फ्रिजमध्ये तिथे, भाजीच्या ट्रेच्या वरच्या बाजूला, एक छोटी पन्हळ आणि तिच्या मधोमध बोटाच्या टोकाएवढं भोक असतं.

आतल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर गोठते. कॉम्प्रेसर थांबला की तो बर्फ वितळतो, पाणी पन्हळीत उतरतं, भोकातून नळीने मागे जातं आणि कॉम्प्रेसरवरच्या छोट्या ट्रेमध्ये पडतं. तिथल्या उष्णतेने ते आपोआप वाळतं. वाटेत कोथिंबिरीचं पान, कांद्याचं साल किंवा बुळबुळीत शेवाळासारखा थर अडकला, की पाणी पन्हळीवरून ओसंडून खाली येतं.

खात्री करून घेणं सोपं आहे. पन्हळीत अर्धी वाटी पाणी हळूहळू ओता. ते तसंच उभं राहिलं आणि मागचा ट्रेही कोरडा असला, तर नळी तुंबली आहे हे नक्की. पन्हळ कोरडी, पण आत सगळीकडे दव दिसत असेल, तर दोष बहुधा दाराच्या रबरात असतो.

साफ करण्याआधी प्लग काढा, सामान बाहेर ठेवा आणि पाणी फडक्याने टिपून घ्या. दिसणारा कचरा चिमट्याने उचला. मग औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज सुई न लावता घ्या, तिच्यात कोमट पाणी भरा आणि भोकात हळूहळू सोडा. चिकट थर असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ते सोडा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा साधं पाणी घाला. पाणी गेलं नाही, तर आत बर्फ असू शकतो. दार उघडं ठेवून फ्रिज रात्रभर बंद राहू द्या.

तार, विणायची सुई किंवा सुरी मात्र आत घालू नका. नळीचा सांधा निसटला, तर पाणी भिंतीतल्या फोममध्ये मुरतं. शेजारच्या गॅसच्या नळीला टोक लागलं, तर दुरुस्ती फार महागात पडते. उकळतं पाणीही नको, त्याने प्लास्टिक तडकतं. सिरिंजचा जोरही बेताचाच हवा.

शेवटी पुन्हा अर्धी वाटी पाणी ओता आणि मागचा ट्रे पाहा. त्यात पाणी पडलं, की वाट मोकळी झाली.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये हे भोक बहुतेक वेळा फ्रीझरच्या पॅनलमागे असतं. फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी जमत असेल, तर फ्रिज पूर्ण वितळू द्या. काही दिवसांत लादी पुन्हा जमली, तर डिफ्रॉस्ट हीटर तपासून घ्यायला हवा, आणि ते काम मेकॅनिकचं.