सोळा मिनिटांची चित्र-ओळख

पुणे, नागपूर आणि बंगळुरूत विखुरलेल्या आठ सहकाऱ्यांसाठी मी skribbl.io हा खेळ सुचवेन. एकाने ब्राउझरमध्ये खासगी खोली उघडून लिंक ग्रुपवर टाकायची. बाकीचे नाव लिहून आत येतात. एक जण चित्र काढतो, इतर शब्द ओळखून टाइप करतात. वेळ मात्र आधी मोजा. प्रत्येक फेरीत प्रत्येकाची पाळी येते, म्हणून ८० सेकंद आणि तीन फेऱ्या ठेवल्या तर ३२ मिनिटं लागू शकतात. ६० सेकंद आणि दोन फेऱ्यांत तोच खेळ १६ मिनिटांत आटोपतो. स्वतःचे शब्द घालणार असाल, तर लिहायला सोपे निवडा. स्पेलिंग चुकलं की ओळखूनही गुण मिळत नाहीत. ऑफिसच्या नेटवर्कवर खेळांच्या साइट बंद असू शकतात, त्यामुळे लिंक आदल्या दिवशीच उघडून पाहा.